मीटर मागे फिरवलेली गाडी



मागच्या महिन्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. कर्जमागणीचं रजिस्टर उघडलं तर पाठोपाठ दोन अर्ज जुन्या चारचाकीसाठी होते. पूर्वी शिलाई मशीन, शेळ्या, पिठाची गिरणी असे अर्ज यायचे. आता गाडीसाठीही येतात. गावातून वेळेवर एसटी मिळत नाही, दवाखाना परभणीला, लेकीचं कॉलेज परभणीला. नवी गाडी झेपत नाही, मग जुनी. यात वावगं काही नाही. पण त्या दिवशी मला आमच्याच गटातल्या एका ताईची गाडी आठवली आणि ठरवलं की आज रेडिओवर तेच सांगायचं. तिला विचारलं तर ती म्हणाली, "सांगा की, फक्त नाव घेऊ नका. मी फसले ते फसले, दुसरीनं तरी आधी कागद मागावा." म्हणून नाव आणि गाव दोन्ही सांगत नाही. गाडी विकणाऱ्याचंही नाही.

या ताईच्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून दोनदा परभणी, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. आधी भाड्याच्या गाडीनं न्यायचे, त्यातच सगळा पैसा जायचा. 2024 च्या दिवाळीनंतर नवरा-बायकोनं ठरवलं की आपलीच जुनी गाडी घ्यायची. किंमत ठरली 3 लाख 40 हजार. त्यात सोयाबीनचे आणि साठवलेले मिळून 1 लाख 30 हजार, सोनं गहाण ठेवून 1 लाख 50 हजार आणि गटाकडून 60 हजार. म्हणजे गाडी तिची, पण तिच्यात पैसा आपल्या दहा-बारा जणींचाही होता.

गाडी डिझेलची, पांढरी, जून 2016 ची. विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, जुन्या गाड्यांचा धंदा करणारा. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'एका हाताची गाडी, फक्त 58 हजार चाललेली.' मीटरवर आकडा होता 58,412. गाडी धुऊन-पुसून चकचकीत, सीटला नवं कव्हर, स्टिअरिंगलाही नवं कव्हर. दाजींनी एक चक्कर मारून पाहिली. आवाज बरा वाटला. पावती झाली, गाडी घरी आली, पेढे वाटले.

तीन महिने ठीक गेले. मग क्लच घसरायला लागला. चढावर गाडी नुसती ओरडायची, पुढे जायची नाही. इंजिनऑइल कमी होऊ लागलं. गावाजवळच्या फिटरकडं नेली. त्यानं खाली वाकून पाहिलं, ब्रेकचं पायडल पाहिलं, स्टिअरिंगचं कव्हर सोडलं आणि म्हणाला, "ताई, ही गाडी साठ हजारांची नाही. दीडेक लाख तरी चाललेली आहे." पायडलवरचं रबर एका बाजूनं गुळगुळीत झालं होतं. कव्हराखालचं स्टिअरिंग, ड्रायव्हरचे हात जिथं टेकतात तिथं, झिजून चकाकत होतं. साठ हजारांत एवढी झीज होत नाही.

पण फिटरचं म्हणणं हा अंदाज झाला. अंदाजावर कुणी पैसे परत देत नाही. त्यानंच पुढची वाट दाखवली. म्हणाला, गाडी ज्या कंपनीची आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, आरसी दाखवा आणि आधीच्या सर्व्हिसिंगची यादी मागा. मार्च 2025 मध्ये ताई परभणीला गेली. आरसी आता तिच्या नावावर होती, त्यामुळे सेंटरवाल्यांनी संगणकातून यादी काढून दिली. गाडी सर्व्हिसिंगला गेली की तिथे जॉबकार्ड बनतं. त्यावर तारीख आणि त्या दिवशीचं मीटर लिहितात. कुठल्याही शहरातल्या अधिकृत सेंटरला गाडी गेली असली तरी ती नोंद कंपनीच्या संगणकात राहते. या गाडीची शेवटची नोंद 14 जुलै 2021 ची होती. त्या दिवशीचं मीटर 1,31,870.

म्हणजे 2021 मध्ये 1 लाख 31 हजार आणि 2024 मध्ये 58 हजार. गाडी पुढे चालली आणि मीटर मागे आलं. दोन आकड्यांत 73 हजारांचा फरक, आणि मधल्या तीन वर्षांत ती आणखी किती चालली ते वेगळंच.

आता तुम्ही म्हणाल, मीटर मागे जातं कसं? जुन्या गाड्यांत आकड्यांची चाकं असायची, ती हातानं फिरवायचे. आताच्या गाड्यांत आकडा एका चिपमध्ये असतो आणि त्यात बदल करणारी यंत्रं बाजारात फिरतात. तासाभराच्या आत काम होतं. बाहेरून काचेवर ओरखडाही दिसत नाही. म्हणून 'मीटर डिजिटल आहे, त्यात फेरफार होत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काही गाड्यांत इंजिनचा संगणकही आपला वेगळा हिशोब ठेवतो आणि स्कॅनर लावला की दोन आकडे जुळत नाहीत हे कळतं. पण सगळ्याच गाड्यांत हे होत नाही, आणि चलाख माणूस दोन्हीकडे हात मारतो. म्हणून स्कॅनरपेक्षा जॉबकार्डाचा कागद जास्त भरवशाचा.

हा प्रकार फक्त लहान धंदेवाल्यांचा आहे असंही नाही. अमेरिकेत 1987 मध्ये क्रायसलर या मोठ्या मोटार कंपनीवर खटला भरला गेला. कंपनीचे अधिकारी नव्या गाड्या मीटरची जोडणी काढून चालवायचे आणि पुढे त्याच गाड्या कोऱ्या म्हणून विकल्या जायच्या. अशा गाड्या साठ हजारांच्या वर होत्या. कंपनीच्या प्रमुखांना, ली आयाकोका यांना, सगळ्यांसमोर माफी मागावी लागली. बेल्जियम देशात तर आता गॅरेजवाल्याला प्रत्येक कामाच्या वेळी मीटरचा आकडा एका ठिकाणी कळवावाच लागतो आणि गाडी विकताना त्या नोंदींचा कागद द्यावा लागतो. आपल्याकडे अशी सगळ्या गाड्यांची एक वही नाही. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला तर नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. गाडी किती चालली ते दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण विकणारे मोबाईल दाखवून म्हणतात, 'बघा, सरकारी अ‍ॅपवर सगळं ओके आहे.' ओके असेल, पण मीटरचं त्यात काहीच नसतं.

मला स्वतःला एका गोष्टीचं वाईट वाटलं. कर्ज देताना आम्ही बैठकीत हिशोब विचारला, हप्ता विचारला, जामीनदार विचारला. गाडीबद्दल कुणी एक प्रश्न विचारला नाही. खरं तर कागदावरच एक हिशोब करता आला असता. गाडी जून 2016 ची, विकली नोव्हेंबर 2024 ला. म्हणजे 101 महिने. 58,412 ला 101 ने भागा, महिन्याला 580 किलोमीटर येतात. आकडा ऐकायला अगदी सरळ वाटतो, घरची गाडी असेल तर एवढीच चालते. फसवणारा हेच बघून आकडा बसवतो. फार कमी करत नाही, पटेल एवढाच करतो. पण एक गोष्ट खटकायला हवी होती. गाडी डिझेलची होती. डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा महाग पडते, ती घेतो तो जास्त फिरणारा माणूस. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटरसाठी डिझेल कोण घेईल? आता खरा हिशोब बघा. जून 2016 ते जुलै 2021 म्हणजे 61 महिने. 1,31,870 ला 61 ने भागलं की महिन्याला 2,160 येतात. रोजचे सत्तर किलोमीटर. ही खरी डिझेल गाडीची चाल.

पुढे काय केलं ते सांगते, कारण इथे बायका बहुतेक वेळा थांबतात. 'झालं ते झालं, आपलंच चुकलं' म्हणतात.

ताईनं सगळ्यात आधी डीलरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, मला तरी काय माहीत? मला गाडी अशीच आली. आधीच्या मालकानं केलं असेल." आणि दुसरं म्हणाला, "पावती वाचा, 'जशी आहे तशी' लिहिलंय." ताई घाबरली. तिला वाटलं, त्यानं स्वतः केलं नसेल तर आपण काय करणार?

आम्ही परभणीला एका वकील ताईंकडे गेलो. त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. करार कायदा 1872 चा आहे, जुना आहे, पण आजही तोच चालतो. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, माहीत असून खोटं सांगणं. त्याला कपट म्हणतात. दुसरी, खात्री करून न घेता एखादी गोष्ट खरी म्हणून ठासून सांगणं, मग सांगणाऱ्याला ती मनातून खरी वाटत का असेना. हेही कायद्यात चुकीची माहिती देणंच आहे. म्हणजे डीलरनं मीटर स्वतः फिरवलं हे सिद्ध करता आलं नाही, तरी 'फक्त 58 हजार चाललेली' हे त्यानं सांगितलं आणि त्यावर भरवसा ठेवून आपण पैसे मोजले, एवढंही पुरतं. असा सौदा मोडता येतो, किंवा 'सांगितलं ते खरं असतं तर मी जिथे असते तिथे मला आणून ठेव' असं मागता येतं. 'जशी आहे तशी' या ओळीचा अर्थ ओरखडे, घासलेले टायर, जुनी सीट असं दिसणारं सगळं स्वीकारलं, एवढाच. खोटं सांगायची मुभा त्यातून मिळत नाही.

पण त्याच कायद्यात विकणाऱ्याच्या बाजूचीही एक ओळ आहे. माहिती नकळत चुकीची दिली गेली असेल आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन खरं कळू शकलं असतं, तर सौदा मोडायचा हक्क राहत नाही. मग डीलर म्हणणार, 'जॉबकार्ड मागायचं होतं ना.' आमच्या ताईला इथे एका गोष्टीनं वाचवलं. तिनं सौद्याच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, 'सर्व्हिसचं पुस्तक आहे का?' आणि उत्तर आलं होतं, 'हरवलं, पण किलोमीटर जेन्युइन आहे, गॅरंटी.' ही दोन वाक्यं तिच्या मोबाईलमध्ये होती. विचारणा केली होती, आणि त्यानं भरवसा दिला होता. शिवाय पावतीवर डीलरच्या हातानं मीटरचा आकडा लिहिलेला होता, सही आणि शिक्क्यासह. तोंडी सांगितलेलं असतं तर तो सरळ नाही म्हणाला असता.

आता ग्राहक कायदा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. जुन्या गाड्यांचा धंदा करणारा हा व्यापारी, आपण ग्राहक. पण गाडी एखाद्या शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून थेट घेतली असेल तर तो व्यापारी नाही, तिथे ग्राहक आयोग चालत नाही. मग दिवाणी न्यायालय, आणि जाणूनबुजून फसवलं असेल तर पोलीस. दुसरी अडचण आपल्या गटांची. गटानं धंद्यासाठी टेम्पो घेतला तर समोरचा म्हणू शकतो, हा माल व्यापारासाठी घेतला, तुम्ही ग्राहक नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू मात्र कायद्यानं व्यापारी धरलेली नाही. म्हणून एखादी मैत्रीण स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी गाडी घेत असेल तर कर्जाच्या अर्जात, ठरावात तसं स्पष्ट लिहा. पुढे तोच कागद कामी येतो.

आमच्या ताईची गाडी घरच्या दवाखान्यासाठी, तिथे हा प्रश्नच नव्हता. पण तिला वेगळी अडचण आली. वकील ताई म्हणाल्या, गाडी पूर्ण परत करायची असेल तर खरं कळल्यापासून ती वापरणं बंद करायला हवं. तुम्ही वापरत राहिलात तर समोरचा म्हणेल, कळूनही गाडी स्वीकारली. ताईनं माझ्याकडं पाहिलं. सासूबाईंना सोमवारी आणि गुरुवारी न्यावंच लागतं. गाडी दारात उभी ठेवून भाड्याची गाडी कुठून करायची? शेवटी असं ठरलं की नोटिशीत स्पष्ट लिहायचं, 'आजारी माणसासाठी नाइलाजानं गाडी वापरत आहे, हक्क सोडलेला नाही,' आणि मागायची ती मुख्यतः किमतीतली तफावत. हे मला तेव्हा फार टोचलं. गरज असलेल्या माणसाला कायदा असतो, पण त्याचा पूर्ण उपयोग करून घेता येत नाही.

क्लचचं कामही लगेच केलं नाही. आधी सर्व्हिस सेंटरकडून गाडीच्या अवस्थेचा लेखी अहवाल घेतला, फोटो काढले, काढलेली जुनी क्लचप्लेट पोत्यात बांधून ठेवली, आणि मग 14 हजारांचं काम केलं. बिल पक्कं, गाडीच्या नंबरासह. बऱ्याच जणी आधी दुरुस्ती करून बसतात आणि मग तक्रारीला जातात, तेव्हा दाखवायला काही उरत नाही.

नोटीस एप्रिलमध्ये पोच मिळेल अशा टपालानं गेली. उत्तर नाही. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं. त्यांनी तक्रार नोंदवून डीलरला कळवलं. तिथून उत्तर आलं, तेच, 'आम्हाला गाडी अशीच मिळाली.' हेल्पलाइन हुकूम देऊ शकत नाही, फक्त मध्ये पडते. पण डीलरनं लेखी उत्तर दिलं हे आपल्या फायद्याचं झालं. त्यात त्यानं मीटर चुकीचं असल्याचं नाकारलंच नव्हतं, फक्त दुसऱ्यावर ढकललं होतं.

जुलैमध्ये परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. डीलर दुसऱ्या जिल्ह्यातला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही या कायद्यातली मोठी सोय. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही, स्वतः बोलता येतं. आम्ही लावला, कारण आम्हाला धीर नव्हता. मुदत दोन वर्षांची. ती सौद्याच्या तारखेपासूनच धरा आणि शेवटच्या महिन्यापर्यंत बसून राहू नका. सोबत काय लावलं? पावती, आरसी, पैसे भरल्याचा बँकेचा उतारा, व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो, सर्व्हिसची यादी, अवस्थेचा अहवाल, क्लचचं बिल, नोटीस आणि तिची पोच. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो काढताना समोरच्याचा नंबर आणि तारीख दिसेल असे काढा, आणि मूळ चॅट पुसू नका, मोबाईल बदलला तरी.

समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. पुढच्या तारखा मात्र लांबतात. कायद्यात काही महिन्यांत निकाल असं लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात वेळ लागतो, हे मी खोटी आशा न दाखवता सांगते. दुसऱ्या तारखेला डीलरचे वकील बाहेर येऊन म्हणाले, मिटवू या.

किती मागायचे? तोवर आम्ही चौकशी केली होती. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची, दीड लाखाच्या पुढे चाललेली गाडी त्या वेळी 2 लाख 40 हजारांच्या आसपास जात होती. म्हणजे ताईनं एक लाख जास्त मोजले होते. वर क्लचचे 14 हजार. डीलर 40 हजारांपासून सुरू झाला. 70 वर आला. ताई गप्प बसून राहिली, दाजी म्हणायचे घेऊन टाक. शेवटी 1 लाख 10 हजारांवर आलं. तडजोड बाहेर चहाच्या टपरीवर लिहून घेतली नाही. आयोगापुढे लेखी दाखल केली, म्हणजे तिच्यावर आयोगाचा आदेश होतो आणि पैसे नाही दिले तर वसुली मागता येते. हे वकील ताईंनी निक्षून सांगितलं होतं. जानेवारीत पैसे खात्यावर आले.

गटाच्या बैठकीत यावरून वाद झाला. एक मावशी म्हणाल्या, "एवढं कागदपत्र असताना पूर्ण पैसे आणि शिक्षा का नाही मागितली? उद्या तो दुसरीला फसवील." त्यांचं चूक नव्हतं. ताई म्हणाली, "मावशी, प्रत्येक तारखेला मी परभणीला जाते तेव्हा घरी आत्याबाईंजवळ कोण बसतं?" त्यावर कुणी बोललं नाही. मला विचाराल तर मलाही मावशींसारखंच वाटत होतं, पण तारखेला जाणारी मी नव्हते.

आता त्या दोन नव्या अर्जांचं सांगते. गटानं ठराव केलाय की जुन्या गाडीसाठी पैसे देण्याआधी सर्व्हिसची यादी पाहायची. त्यात एक अडचण आहे. गाडी आपल्या नावावर नसताना सर्व्हिस सेंटर यादी देईलच असं नाही. म्हणून विकणाऱ्यालाच सोबत चला म्हणायचं, किंवा मूळ मालकाकडून त्याच्या कंपनी-अ‍ॅपवरची यादी मागायची. तो टाळाटाळ करत असेल, पुस्तक हरवलं म्हणत असेल, तर गाडी कितीही चकचकीत असो, दुसरी बघायची. गाडी बाहेरच्या साध्या गॅरेजला सर्व्हिस झालेली असेल तर यादी अपुरी असेल, तेव्हा ओळखीच्या फिटरला हजार-पाचशे देऊन सोबत न्यायचं. बॉनेटखाली किंवा दाराच्या आतल्या कडेला ऑइल बदलल्याचं स्टिकर असतं, त्यावर किलोमीटर लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा काढायचं राहून जातं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2216 म्हणजे 2016 चा बाविसावा आठवडा. 40-50 हजारांच्या आसपास टायर बदलावे लागतात, म्हणून '30 हजार चाललेली' गाडी दोनदा टायर बदललेली निघाली तर विचारा, का बदलले? आणि कव्हरं उचला. नवं स्टिअरिंग कव्हर, नवं पायडल रबर दिसलं की खाली बघा.

पावतीवर 'मीटर इतके, खात्रीचे' असं विकणाऱ्याकडून लिहून, सही-शिक्का घ्या. लिहायला नकार दिला तर त्यातूनही उत्तर मिळालंच. डीलर असेल तर आरटीओचं अधिकृत विक्रेत्याचं प्रमाणपत्र मागा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी तशी नोंदणीची तरतूद आहे, आणि गाडी त्याच्या ताब्यात असताना ती किती चालली याची नोंदही त्यानं ठेवायची असते.

परवा ताई भेटली. गटाच्या 60 हजारांतले आता 15 हजार राहिलेत, सोनं सोडवून आणलंय. गाडी अजून तीच आहे, सोमवारी-गुरुवारी परभणीला जाते. मीटर आता 70 हजारांच्या पुढे दाखवतं. ती मला म्हणाली, "ताई, उद्या ही गाडी मी विकायला काढली तर काय सांगू? मीटरवर तर 70 च दिसणार." आम्ही दोघींनी बसून आरसीच्या फोल्डरमध्ये सर्व्हिस सेंटरची ती यादी आणि आयोगाच्या आदेशाची प्रत घालून ठेवली, आणि वरच्या पानावर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मीटर खरे नाही. 14 जुलै 2021 ला 1,31,870 होते.'